आयरिशमध्ये 'हो' म्हणायचं कसं?

'हो' आणि 'नाही'साठी शब्द शोधत बसू नका. आयरिशमध्ये ते नाहीतच. प्रश्नातलं क्रियापद उचला आणि तेच उत्तर म्हणून द्या.

'अर ओल तू अन टे?' म्हणजे 'डिड यू ड्रिंक द टी?' प्यायला असाल तर 'दोल', नसाल तर 'नीर ओल'. इंग्रजी भाषांतरात याचं 'आय डिड' होतं आणि नवशिके तिथेच फसतात: 'डिड'साठी 'करणे'चं क्रियापद घालून 'रिन्ने' म्हणतात. ते चूक. प्रश्न पिण्याचा आहे, उत्तरही पिण्याचंच हवं. म्हणून सुरुवातीला इंग्रजी उत्तर मनात 'ड्रँक', 'डिडंट ड्रिंक' असं शब्दशः करून बघा. मराठीत 'चहा प्यायलास?' 'प्यायलो' म्हणतोच की आपण!

आणखी दोन चुका टाळा:

- 'अर' हा प्रश्नाचा शब्द आहे, तो उत्तरात येत नाही.
- 'नार ओल तू?' म्हणजे 'प्यायला नाहीत का?' असं विचारलं, तरी प्यायला असाल तर 'दोल'च. प्रश्न नकारार्थी असला तरी उत्तर घडलेल्या गोष्टीवर ठरतं.

'तू शिक्षक आहेस का?' यासारख्या प्रश्नांचा नियम वेगळा आहे. तो सध्या बाजूला ठेवा. आधी येणे, जाणे, खाणे, पिणे यांचा भूतकाळ तोंडात बसू द्या.