संध्याकाळचा राग

प्रिय मुली,

बाबा स्कूटरवरून पडले, डोक्याची जखम भरली, टाके निघाले, तरी ‘हे आमचे बाबा नव्हेत’ असं तू लिहिलंस. रविवारी त्यांनी ताट भिरकावलं आणि दहा मिनिटांनी ‘काय झालं, सगळे गप्प का?’ असं विचारलं, हेही लिहिलंस. न्यूरो वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मला त्यात नवल वाटलं नाही, पण घरच्यांना ते किती लागतं ते ठाऊक आहे.

स्कूटरवरून पडल्यावर मेंदू कवटीत आदळतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग तिथल्या खडबडीत हाडावर घासतो. मनात आलेलं आवरण्याचं काम कपाळामागचा भाग करतो. राग सगळ्यांनाच येतो, बाबांचा ब्रेक सध्या उशिरा लागतो, एवढंच.

त्या दिवशी काय काय झालं ते पुन्हा वाच. टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, त्यात तू आणि काकू दोघी मिळून ‘काय वाढू’ विचारत होतात. वेळ संध्याकाळची सहाची. दिवसभर साध्या गोष्टींसाठीही जोर लावून मेंदू तोवर दमलेला असतो. एक वही कर. प्रत्येक भडक्याची वेळ, आधीचा अर्धा तास आणि आदल्या रात्रीची झोप लिही. आठवड्यात ठरावीक वेळ दिसली, तर दमण्याआधीच, दुपारी, त्यांना पडायला सांग आणि संध्याकाळी टीव्ही बंद ठेव. भडकले की समजावत बसू नकोस. आवाज खाली आण, विषय बदल, गरज पडली तर खोलीबाहेर जा.

नोकरीतल्या जुन्या गोष्टी ते तपशिलाने सांगतात, पण सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही. जुनं टिकतं, नवं साठत नाही. ‘जेवलोच नाही’ म्हणाले तर ते खोटं नसतं, रिकामी जागा मेंदू स्वतःच भरून काढतो. ‘आठवतंय का?’ अशी परीक्षा घेऊ नकोस, उत्तर सरळ सांगून टाक. गोळ्यांची नोंद ठेवायला भिंतीवर एकच फळा लाव.

आता गोळ्यांचं. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू असेल, तर तिच्यामुळेही चिडचिड वाढू शकते. गोळी सुरू झाल्यावर राग वाढला का, ते वहीत पाहा आणि डॉक्टरांना विचार. मनाने बंद मात्र करू नकोस, फिट येऊ शकते.

आणि डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, ते सुस्त पडू लागले किंवा एका हातातली ताकद कमी वाटली, तर ‘मूड’ म्हणून सोडू नकोस. लगेच हॉस्पिटल गाठ. कवटीखाली हळूहळू रक्त साठून त्रास काही आठवड्यांनीही सुरू होतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

पुढच्या तपासणीत बाबा ‘मी ठणठणीत’ म्हणतील, कारण स्वतःतला बदल त्यांना खरोखरच दिसत नाही. म्हणून वही तू आधीच, त्यांच्यामागे, डॉक्टरांच्या हातात दे.

तुझी,
मावशी