N2O4 ची व्हेपर डेन्सिटी २६.७ अंशाला, १ atm दाबावर ३८.३ दिलीय. α काढताना खाली D घ्यायचा की d? आणि Kp कसा काढायचा?

खाली d, म्हणजे मोजलेली घनता; D ही अजिबात न तुटलेल्या N2O4 ची घनता, ४६. याच एका अक्षरापायी मी बारावीत सोलापुरातल्या एका क्लासमध्ये तीनपैकी शून्य मार्क घेतलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: α = (D − d)/D. मला सूत्र पाठ नव्हतं, म्हणून टेस्टमध्ये मुळापासून मांडलं. एक मोल N2O4 घेतला, त्यातला α तुटला. उरला 1 − α, NO2 झाला 2α, एकूण 1 + α. वजन तेच, पण वायूने जागा (1 + α) पट घेतली, म्हणून घनता तितक्याच पटीने उतरली. ४६ भागिले ३८.३ म्हणजे १.२०१. म्हणून α = ०.२०१, वीस टक्के तुटलाय.

सरांनी लाल फुली मारली. "सूत्र कुठाय?" मी उभा राहून विचारलं, "सर, सगळाच तुटला तर नुसता NO2 उरतो, घनता २३. तुमच्या सूत्रानं α अर्धा येतो. मग उरलेला अर्धा कुठं गेला?" वर्ग हसला आणि मी उरलेला तास जिन्यात काढला, एप्रिलच्या उन्हात. तुमचे सरही D लावत असतील तर हा २३ चा प्रश्न विचाराच, पण तास सुटल्यावर.

आता Kp. दाब १ atm, तो मोलांच्या हिश्शाने वाटा. NO2 ला 0.402/1.201, म्हणजे ०.३३५. N2O4 ला उरलेला ०.६६५. पहिल्याचा वर्ग करून दुसऱ्याने भागा, Kp सुमारे ०.१७ येतो. सरांच्या पद्धतीनं ०.११५ आला असता, म्हणजे तिसरा हिस्सा गायब.

पण ०.१७ च्या पुढचे आकडे फार मनावर घेऊ नका. α दोन जवळच्या संख्यांच्या फरकातून येतो. ३८.३ ऐवजी चुकून ३८.८ मोजलं गेलं, तर Kp थेट ०.१४ वर येतो. दाब १ atm नसेल तर सूत्र Kp = 4α²P/(1 − α²), आणि P विसरलात तर सगळं फुकट.

आणि हो, ही घनता व्हिक्टर मेयरच्या पद्धतीनं मोजली असेल तर ती या गणितात वापरू नका. तिथं वाफ नळीतल्या हवेत मिसळते, तिचा आंशिक दाब उतरतो आणि N2O4 आणखी तुटतो. α फुगलेला दिसतो. इथं ड्यूमाचा फुगाच हवा: त्यात नुसती वाफ असते, ती बाहेरच्या दाबाला येते, मग तोंड बंद करून वजन करतात.