राखीव निधी तसाच ठेवून आणि ख्याती न नोंदवता नफा वाटणीच्या बदललेल्या प्रमाणाची नोंद

प्रश्न: अ, ब आणि क हे भागीदार 5:3:2 या प्रमाणात नफा वाटून घेत होते. 1 एप्रिलपासून तिघांनी समान वाटा घ्यायचे ठरवले. ताळेबंदात सामान्य राखीव निधी 90,000 रुपये आहे, तो तसाच ठेवायचा आहे. ख्यातीचे मूल्य 2,40,000 रुपये काढले आहे, पण ती पुस्तकात नाही आणि नोंदवायचीही नाही. मग नेमकी नोंद काय करायची, आणि मुळात करायचीच कशाला?

उत्तर:

आधी शेवटच्या भागाचे उत्तर देतो, कारण ते पटले की आकडेमोड आपोआप सुटते. 31 मार्चपर्यंत संस्थेने जे कमावले, त्यावर तिघांचा हक्क 5:3:2 या प्रमाणातच आहे. राखीव निधी म्हणजे वाटायचा राहिलेला जुना नफा आणि ख्याती म्हणजे जुन्या मेहनतीतून पुढे मिळणाऱ्या जादा नफ्याची आजची किंमत. निधी ताळेबंदात दिसतो आणि ख्याती दिसत नाही, एवढाच दोघांत फरक आहे. नोंद न करता प्रमाण बदलले, तर निधी ज्या दिवशी वाटला जाईल त्या दिवशी तो तिघांत सारखा वाटला जाईल, म्हणजेच अ यांच्या कमाईचा काही भाग ब आणि क यांच्याकडे फुकट जाईल. तो भाग आजच भरून देणे, एवढेच या नोंदीचे काम आहे.

कोणी किती सोडले आणि कोणी किती घेतले, हे जुन्या वाट्यातून नवा वाटा वजा करून कळते. अ यांचा वाटा 5/10 होता, तो 1/3 झाला. दोन्ही अपूर्णांकांचा छेद 30 केला की 15/30 वजा 10/30, म्हणजे 5/30 चा त्याग निघतो. ब यांचे 9/30 होते, ते 10/30 झाले, म्हणून त्यांना 1/30 चा लाभ झाला. क यांचे 6/30 होते, ते 10/30 झाले, म्हणून त्यांचा लाभ 4/30 आहे. त्याग आणि लाभ यांची बेरीज जुळली पाहिजे. इथे 5 आणि 1 अधिक 4 अशी ती जुळते. जुळली नाही तर पुढे जाऊ नका, वजाबाकी पुन्हा तपासा. ब यांचा वाटा जेमतेम बदलला आहे, म्हणून घाईत त्यांना वगळून सगळा भार क यांच्यावर टाकला जातो, तसे मात्र करू नये.

आता ज्या रकमेवर हे अपूर्णांक लावायचे ती रक्कम ठरवू. निधी 90,000 आणि ख्याती 2,40,000 मिळून 3,30,000 रुपये होतात. त्याचा 1/30 म्हणजे 11,000 रुपये. त्यामुळे अ यांना 55,000 रुपये मिळायला हवेत आणि ते ब यांच्याकडून 11,000 व क यांच्याकडून 44,000 असे यायला हवेत. रोजकीर्दीत एकच नोंद पडेल:

ब यांचे भांडवल खाते, नावे 11,000
क यांचे भांडवल खाते, नावे 44,000
अ यांचे भांडवल खाते, जमा 55,000
(नफा वाटणीच्या प्रमाणातील बदलामुळे राखीव निधी व ख्याती यांचे समायोजन केले.)

भांडवले स्थिर पद्धतीने ठेवली असतील, तर हीच नोंद भागीदारांच्या चालू खात्यांतून करावी. ताळेबंदात निधी 90,000 असाच राहील आणि ख्यातीचा उल्लेखही येणार नाही. तो येऊही नये, कारण लेखा मानक 26 प्रमाणे संस्थेने स्वतः निर्माण केलेली ख्याती मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही.

नोंद बरोबर आहे का, हे ताडून पाहण्याची एक कसोटी मी नेहमी वापरतो. संस्था दुसऱ्याच दिवशी बंद झाली, ख्यातीचे 2,40,000 रुपये रोख मिळाले आणि निधीही वाटला, असे समजा. नव्या प्रमाणाने प्रत्येकाला 3,30,000 चा तिसरा हिस्सा, म्हणजे 1,10,000 रुपये मिळतील. अ यांच्या खात्यात आधीच 55,000 जमा आहेत, म्हणून त्यांना एकूण 1,65,000 पडतात, आणि तो बरोबर जुना अर्धा वाटा आहे. ब यांचे 11,000 वजा जाऊन 99,000 उरतात, क यांचे 44,000 वजा जाऊन 66,000 उरतात. हेही जुने 3/10 आणि 2/10 आहेत. म्हणजे प्रमाण बदलले तरी जुन्या कमाईतला कोणाचा एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही.

गोंधळ बहुधा पाठांतरामुळे होतो. 'निधी जुन्या प्रमाणात, ख्याती त्यागाच्या प्रमाणात' हे वाक्य बहुतेकांना तोंडपाठ असते आणि चुकीचेही नसते. पण त्यातला पहिला भाग निधी प्रत्यक्ष वाटायचा असेल तेव्हाच लागू पडतो. तसे असते तर निधी खाते 90,000 ने नावे करून अ, ब, क यांना अनुक्रमे 45,000, 27,000 आणि 18,000 जमा केले असते, आणि त्यानंतर फक्त ख्यातीसाठी ब यांच्या नावे 8,000, क यांच्या नावे 32,000 व अ यांना 40,000 जमा अशी वेगळी नोंद केली असती. निधी वाटायचा आणि वर तो 3,30,000 मध्येही धरायचा, असे दोन्ही केले तर अ यांना निधीपोटी 15,000 रुपये जास्तीचे मिळतात. उत्तरपत्रिकांत ही चूक फार सापडते, आणि खरे सांगायचे तर प्रत्यक्ष हिशेबांतही सापडते.

एकूण रक्कम ठरवताना काय धरायचे, याकडेही लक्ष द्यावे. नफा-तोटा खात्याची नावे बाकी किंवा अजून निर्लेखित न झालेला जाहिरात खर्च हा साठलेला तोटा असल्याने तो वजा करावा. तुमच्या उदाहरणात असा 30,000 रुपयांचा तोटा असता, तर 3,00,000 वर हिशेब झाला असता आणि अ यांना 50,000 च मिळाले असते. तोटा निधी आणि ख्याती यांच्या बेरजेपेक्षा मोठा निघाला, तर नोंद उलटी होते, म्हणजे त्याग करणाऱ्याचेच खाते नावे पडते. कामगार नुकसानभरपाई निधीतून देय दाव्याची रक्कम वगळून उरलेला भागच धरावा, कारण दाव्याइतकी रक्कम भागीदारांची नसतेच. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी तर देणेच आहे, तो अजिबात धरू नये. मालमत्ता व देण्यांचे पुनर्मूल्यांकन केले असेल, पण पुस्तकी आकडे बदलायचे नसतील, तर त्यातील नफा किंवा तोटाही याच बेरजेत मिळवावा.

ख्याती पुस्तकात आधीपासून असेल, समजा पूर्वी एखादा चालू धंदा विकत घेताना तिचे पैसे मोजले असतील, तर ती आधी तिघांच्या खात्यांवर 5:3:2 या जुन्या प्रमाणात नावे टाकून निर्लेखित करावी आणि मगच 2,40,000 चे समायोजन करावे. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

व्यवहारात एक अडचण हमखास येते. क यांच्या भांडवलात 44,000 रुपये नसतील, तर त्यांचे खाते नावे बाकी दाखवू लागते. अशा वेळी त्यांनी तेवढी रक्कम रोख आणावी किंवा ती पुढील नफ्यातून वळती करायचे लेखी ठरवावे. भांडवलावर व्याज द्यायचे असेल, तर 1 एप्रिलपासून ते या बदललेल्या बाकीवर मोजावे लागेल. भारतीय भागीदारी अधिनियम 1932 च्या कलम 11 नुसार भागीदारांमधील करार सर्वांच्या संमतीने बदलता येतो आणि ती संमती वागणुकीतूनही गृहीत धरली जाऊ शकते. तरीही नवे प्रमाण, अंमलाची तारीख आणि ख्यातीचे ठरवलेले मूल्य पुरवणी भागीदारी करारात लिहून तिघांच्या सह्या घ्याव्यात, कारण 55,000 हा आकडा ज्यावर उभा आहे ते 2,40,000 पुस्तकात कुठेच सापडणार नाहीत.