सराव पेपरातल्या दोन आकृत्या, शब्दांत

सर, मी पूर्ण अंध आहे, पारोळ्याला दहावीत शिकतो. मित्राने सराव पेपरांचे फोटो पाठवले. मोबाइल प्रश्न वाचतो, पण आकृती आली की नुसतं ‘ओ, ए, पी, बी, पन्नास’ म्हणतो. भूमितीचा प्रश्न ४ आणि विज्ञानाचा प्रश्न ७, यांच्या आकृत्या शब्दांत लिहून द्याल का? उत्तर सांगू नका.

बेटा, आधी भूमिती. O केंद्र असलेलं एक वर्तुळ आहे. वर्तुळाच्या बाहेर, उजवीकडे, P बिंदू आहे. P पासून दोन रेषा निघतात. वरची वर्तुळाला A बिंदूत स्पर्श करते, खालची B बिंदूत. O पासून A पर्यंत एक रेषाखंड आहे, O पासून B पर्यंत दुसरा. O आणि P जोडलेले नाहीत. कोन APB मध्ये ५० अंश लिहिलंय. याशिवाय आकृतीत काही नाही. कोन AOB विचारलाय.

हे लिहून मी पुतणीला वाचून दाखवलं आणि फोटो न दाखवता तिला पाटीवर काढायला सांगितलं. तिने O आणि P जोडून टाकले. मग ‘जोडलेले नाहीत’ हे वाक्य घातलं. दुसऱ्यांदा तिची आकृती फोटोसारखीच आली.

आता परिपथ. बॅटरी १२ व्होल्टची आहे. तिच्या धन टोकापासून तार धरून निघ. आधी R1 हा ४ ओहमचा रोध लागतो. पुढे M बिंदूवर तारेला दोन फाटे फुटतात. वरच्या फाट्यात ६ ओहमचा R2, खालच्यात ३ ओहमचा R3. गावातला रस्ता आणि बायपास पुढे एक होतात ना, तसे दोन्ही फाटे N बिंदूवर मिळतात. तिथून एकच तार, तिच्यात बंद केलेली कळ, आणि मग बॅटरीचं ऋण टोक. बॅटरीतून वाहणारी विद्युतधारा काढायची आहे.

रोधांच्या जोडणीचं नाव मी मुद्दाम लिहिलं नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी परीक्षेत प्रश्न वाचून दाखवत होतो. आकृतीत त्रिकोणाच्या दोन बाजूंवर एकेक आडवी रेघ होती आणि मी बोलून गेलो, ‘समद्विभुज त्रिकोण’. रेघांवरून ओळखणं हेच तिचं काम होतं, ते मी हिरावून घेतलं. ती गप्प बसली, मला मात्र ते आजही टोचतं. शाळेत वाचक मिळेल तेव्हा त्यांना आधीच सांग, ‘दिसतं तेवढंच सांगा, त्यावरून काय कळतं ते नको.’

कोनाचं आणि ओहमचं चिन्ह मी शब्दांत लिहिलंय, कारण मोबाइल ती चिन्हं कधी कधी गाळतो. तीन अक्षरं एकदम वाचली गेली तर एकेक अक्षर करून ऐक, मधलं अक्षर कोनाचा शिरोबिंदू असतं.

भूमितीची आकृती हाताला हवी असेल तर घरच्यांकडून पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून घे आणि O, P, A, B च्या जागी तुरीचा एकेक दाणा. वर्तुळाची लोकर जाड घ्यायला सांग, रेषांची बारीक, म्हणजे A आणि B पाशी बोट चुकणार नाही.