आधी घरं आखायची, मग स्वर बसवायचे

प्रिय मुली,

शाळेतल्या मुलांना शिकवायला तू आजीचं भजन स्वरांत लिहून काढलंस, त्या कागदाचा फोटो मिळाला. खाली लिहिलेला प्रश्नही वाचला, ‘सर, मी स्टाफ नोटेशन शिकून घेऊ का? मुलांना माझं लिहिलेलं कळत नाही.’ तो वाचून आधी हसू आलं, मग जरा रागही आला. तुला त्या पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलेखनाची गरज नाही. तू उभ्या रेघाच मारल्या नाहीस.

तुझ्या कागदावर ‘जय जय राम कृष्ण हरी’च्या ओळीखाली एवढंच आहे: सा सा रे रे ग ग प ध प ग रे सा. बारा स्वर, आणि बाराही बरोबर. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी पेटी घेऊन तीनदा ऐकलं. तुझ्या आजीची चाल भूप रागाच्या पाच स्वरांत आहे, कोमल-तीव्राची भानगड नाही. पहिल्यांदा लिहायला याहून सोयीची चाल मिळणार नाही. मग मुलं चुकतात कुठे?

आता बोटांवर मात्रा मोज. ओळ १६ मात्रांची आहे, म्हणजे ढोलकीवरच्या ८ मात्रांच्या ठेक्याची दोन आवर्तनं. तू लिहिलेस १२ स्वर. उरलेल्या चार मात्रा कुठे गेल्या? त्या आजीच्या गळ्यात आहेत, तुझ्या कानात आहेत, कागदावर नाहीत. मुलं बिचारी कागदावरचं प्रामाणिकपणे म्हणतात आणि बारा मात्रांत ओळ संपवतात. ढोलकी मात्र आठाच्या हिशोबानं चाललेली असते. म्हणून पहिल्यांदा ओळ पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर सुरू होते, दुसऱ्यांदा पाचव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’च्या जागेवर, आणि तिसऱ्यांदा आपोआप पुन्हा समेवर येते. तू लिहिलंस की ‘कधी जुळतं, कधी नाही’. त्याचं कारण हे. ढोलकीवाल्या मुलाला तू रागावलीस असंही लिहिलंस. त्याची उद्या माफी माग. तो एकटाच बरोबर होता.

तेव्हा आधी घरं आखायची, मग स्वर बसवायचे. पट्टी घे, एका ओळीत आठ घरं पाड, चौथ्या घरानंतर जाड रेघ. पहिल्या घरावर समेची फुली, पाचव्यावर खालीचं शून्य. एक घर म्हणजे एक मात्रा. घर रिकामं ठेवायचं नाही. आधीचा स्वर लांबत असेल तर त्यात आडवी रेघ काढायची. अक्षर लांबत असेल तर खालच्या ओळीत ऽ. तुझी ओळ अशी बसते:

```
 ×                      ०
| सा | सा | रे | रे || ग | – | – | ग |
| ज  | य  | ज  | य  || रा | ऽ | ऽ | म |

| प | – | ध | प || ग | – | रे | सा |
| कृ | ऽ | ष्ण | ह || री | ऽ | ऽ | ऽ |
```

आडव्या रेघा मोज. ‘रा’नंतर दोन, ‘कृ’नंतर एक, ‘री’नंतर एक. झाल्या चार. हरवलेल्या मात्रा सापडल्या.

आता शेवटची चार घरं नीट बघ. वर रेघ एकच आहे आणि खाली ऽ तीन आहेत. स्वर बदलतो, अक्षर तेच राहतं. ‘री’ एकच, पण ती ग वरून रे वर, रे वरून सा वर उतरते. म्हणूनच रेघ आणि ऽ ही दोन वेगळी चिन्हं लागतात. तू दोन्हीकडे टिंबं टिंबं दिली असतीस तर मुलांनी ‘री’ ग वर ठेवली असती आणि तिथेच गप्प झाली असती. ‘कृष्ण’ही बघ. ‘ष्ण’ एका घरात एकत्र. क-ृ-ष-ण असं फोडलंस तर मुलं तसंच फोडून म्हणतात, मी ऐकलंय. लांबवायचा तो ‘कृ’मधला स्वर, ‘ष’वर रेंगाळायचं नाही.

ही चिन्हं माझी नाहीत. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांपासून आपण सगळे हेच वापरतो: वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. तू म्हणालीस की शाळेच्या कपाटात एक जुनं पुस्तक सापडलं आणि त्यातलं भजन गायला गेलं की आवाज पोचतच नाही. ते पलुसकर पद्धतीचं असणार. तिथे वरचं टिंब मंद्राचं असतं आणि तारसप्तकाला वर उभी रेघ असते. म्हणजे तू खालचे स्वर वरती गात बसलीस. पुस्तक चांगलंच आहे, फक्त पहिल्या पानावरचा चिन्हांचा खुलासा वाचल्याशिवाय उघडू नकोस. फोनवर टाईप करताना तारसप्तकाला अनुस्वार चालून जातो, सां, रें. मंद्राला नुक्ता, प़, ध़. पण घरं फोनवर पाठवू नकोस, दुसऱ्याच्या पडद्यावर सगळं सरकतं. कागदावर काढ आणि फोटो पाठव. तक्ता करणार असशील तर स्वर एका रंगात, शब्द दुसऱ्या, एवढं पुरे.

स्टाफ नोटेशनबद्दल मला राग नाही. पण तिथली रेघ एक ठरावीक उंची सांगते आणि तुझा सा रोज हलणार आहे. ज्या दिवशी पेटी मिळाली नाही, ज्या दिवशी अर्ध्या मुलांना सर्दी आहे, त्या दिवशी तू सा थोडा खाली धरशील आणि कागदावरचं एक अक्षरही बदलावं लागणार नाही. सा कुठे धरायचा ते मात्र कागदाच्या कोपऱ्यात लिही. मी लिहीत नसे आणि त्याची शिक्षा भोगली आहे. तू स्वतः काळी पाचमध्ये गातेस, रेकॉर्डिंगवरून कळलं. ती तुझ्या गळ्याची पट्टी आहे. पाचवीतल्या पोरांचा खालचा सा तिथे नुसता हवेत जातो. तुझी दुसरी ओळ तार सा ला जाते, म्हणजे चालीचा पल्ला सा ते सां, बरोबर एक सप्तक. अशा चालीला मुलांसाठी पांढरी एक ते पांढरी दोन धरून बघ. खूण सोपी आहे: ओळीचा शेवटचा सा मागच्या बाकावरून ऐकू आला पाहिजे आणि तार सा ला कुणाची मान वर जाता कामा नये. चाल मंद्र पंचमापर्यंत उतरत असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता दुसरा फोटो, ज्याचा तुला फार अभिमान दिसतो. आजी ‘राम’वर जी छोटी हरकत घेते, ती तू रेगपग अशी एका मात्रेत चार स्वर घालून खाली कंस काढून लिहिलीस. ऐकलंस अगदी बरोबर. कान चांगला आहे तुझा. आणि ते खोडून टाक.

का, ते सांगतो. मी नोकरीला लागल्याच्या चौथ्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी असंच एक भजन लिहिलं होतं. प्रत्येक ओळीत कंस, कणस्वर, मींडेच्या कमानी. कागद इतका देखणा झाला की मुख्याध्यापकांनी फ्रेम करायचं बोलून दाखवलं. चाळीस मुलं. एका मात्रेतले चार स्वर चाळीस गळे चाळीस वेगळ्या क्षणी घेतात आणि ऐकणाऱ्याला नुसता गलबला ऐकू येतो. तालमीत एक मुलगी त्या जागी हमखास मागे राहायची. कार्यक्रमाला दोन दिवस राहिले होते, पाहुणे बाहेरगावचे होते, माझ्यावर दडपण होतं, हे सगळं खरं आहे आणि आजही मी तेच स्वतःला सांगतो. मी तिला म्हणालो, ‘तू नुसते ओठ हलव.’ तिनं हलवले. पुढच्या वर्षी ती गाण्याच्या तासाला खिडकीपाशी बसायला लागली. ती चुकत नव्हती गं. माझ्या घरात मावत नव्हतं ते मी कोंबलं होतं.

त्यानंतर समूहासाठी लिहिताना एका घरात जास्तीत जास्त दोन स्वर, तेही ओळीत एकदाच, हा नियम मी मोडलेला नाही. सहकारी म्हणायचे, तुमची भजनं बाळबोध होतात. होऊ देत. हरकत घ्यायचीच असेल तर एका मुलाला उभं करून एकट्याला घेऊ दे, बाकीच्यांनी ग धरून ठेवायचा. त्याला ती कानानं शिकव, लिहून नको.

तुझ्या शाळेतल्या त्या बाईंचं म्हणणंही तू कळवलंस: दिंडीत कोण कागद घेऊन चालतं, भजन ऐकूनच येतं. खरंय. पण दिंडीत मूल वर्षानुवर्षं तेच ऐकतं, मोठ्यांच्या मध्ये चालता चालता. तुझ्याकडे आठवड्याला दोन तास आणि तीन आठवडे आहेत, आणि पेरणीच्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर. मंगळवारी जो आला नाही त्याला गुरुवारी काय देशील? त्याच्यासाठी कागद. मी इतकी वर्षं घरांचा हट्ट धरला तो याच पोरासाठी, पांडित्यासाठी नाही. लोकांना तसं वाटलं असेल तर वाटू दे.

शिकवताना पेटी लगेच उघडू नकोस. आधी टाळीवर १ ते ८ दोनदा, समेला टाळी, खालीला हात उघडा. मग स्वर सोडून नुसते शब्द त्या घरांत बोलायचे, ‘रा’ला तीन मात्रा थांबून. इथेच नव्वद टक्के गोंधळ मिटतो. मग सरगम, मग शब्द सुरात. कागद जमला की नाही हे तू गाऊन ठरवू नकोस, तुला चाल पाठ आहे. आधीच्या तालमीला नसलेल्या एका मुलाला तक्त्यासमोर उभं कर, सा दे आणि गप्प बस. तो जिथे अडेल तिथलं घर तू चुकीचं भरलेलं असशील.

दुसरी ओळ मी अर्धीच पाठवतोय. पहिली आठ घरं:

```
 ×                      ०
| प | प | ध | ध || सां | – | – | सां |
| ज | य | ज | य || रा  | ऽ | ऽ | म  |
```

पुढची आठ रिकामी ठेवली आहेत. खाली शब्द तेच, ‘कृष्ण हरी’. आजीचं रेकॉर्डिंग लाव, डाव्या हातानं मात्रा मोज आणि पेन्सिलनं भर. एक जागा अशी आहे की तुला दोन स्वर एका घरात घालायचा मोह होईल. रविवारपर्यंत फोटो पाठव, कोपऱ्यात पट्टी लिहून. आणि ढोलकीवाल्याचं विसरू नकोस.

तुझा,
सर