‘अश्लील बोलतात’ एवढ्यावर समिती काय ठरवणार?

प्रश्न : मी भोसरीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला क्लार्क आहे. आमचे सुपरवायझर माझ्याशी घाणेरडं बोलतात. सप्टेंबरमध्ये मी अंतर्गत समितीकडे तक्रार दिली. त्यात ‘ते अश्लील व अर्वाच्य भाषा वापरतात आणि मानसिक त्रास देतात’ असं लिहिलं होतं. आता समितीचं पत्र आलंय की नेमके शब्द, तारीख आणि प्रसंग लिहून द्या. ते शब्द कागदावर उतरवायला हात धजत नाही. शिवाय प्रत त्यांनाही जाणार. सगळ्या तारखा आठवत नाहीत. ते गाडीवाल्यांनाही शिव्या देतात, तेही लिहायचं का? आणि शब्दात चूक झाली तर तक्रार खोटी ठरेल का?

उत्तर : ताई, समितीचं पत्र तुमच्यावर अविश्वास म्हणून आलेलं नाही. ते योग्यच पत्र आहे, आणि त्याचं उत्तर नीट दिलंत तर तुमची निम्मी बाजू तिथेच उभी राहते.

‘अश्लील’ हा तुमचा निष्कर्ष आहे. तो बरोबर असेलही, पण निष्कर्ष काढणं हे समितीचं काम आहे आणि त्यासाठी तिच्यासमोर मूळ शब्द लागतात. ही समिती ज्याखाली नेमली जाते, त्या कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात लैंगिक अर्थाचे शेरे हा छळाचा एक स्वतंत्र प्रकार सांगितलेला आहे. एखादं वाक्य त्यात बसतं की ते नुसतं उद्धट बोलणं आहे, हे वाक्य वाचल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. शिक्षाही त्यावरच ठरते. समिती लेखी माफी किंवा ताकीद सुचवू शकते, वेतनवाढ रोखायला सांगू शकते आणि नोकरीवरून काढण्याची शिफारसही करू शकते. ‘घाणेरडं बोलतात’ एवढंच वाचून कुठलीही समिती ताकिदीच्या पुढे जायला कचरते, आणि समोरचा माणूस ‘मी कामावरून रागावलो होतो’ म्हणून सुटतो.

म्हणून शब्द जसे उच्चारले गेले तसेच, अवतरणचिन्हांत लिहा. पहिलं अक्षर लिहून पुढे टिंबं देऊ नका. ‘आईवरून शिवी दिली’ असंही लिहू नका, शिवी लिहा. हिंदी मिसळून बोलले असतील तर हिंदीच ठेवा. ‘तू’ म्हणाले की ‘तुम्ही’, मागे ‘गं’ लावलं का, तेही बदलू नका. सभ्य करून लिहिलेलं वाक्य तुमचंच नुकसान करतं, कारण उलटतपासणीत मूळ शब्द बाहेर आले की ‘तेव्हा का नाही लिहिलं?’ असा प्रश्न येतो. तक्रार इंग्रजीतच हवी असं कायद्यात कुठेही नाही. मराठीत लिहा. समितीत कोणाला मराठी येत नसेल तर भाषांतर वेगळं जोडता येईल, पण मूळ वाक्य देवनागरीत कागदावर राहिलंच पाहिजे.

लाजेबद्दल एवढंच सांगते, की ते शब्द तुमचे नाहीत. तुम्ही ते नोंदवताय. कलम 16 नुसार तक्रारीतला मजकूर, नावं आणि चौकशीची कार्यवाही बाहेर जाहीर करता येत नाही. तरीही मन घेत नसेल, तर मुख्य निवेदनात ‘शब्द परिशिष्ट अ मध्ये दिले आहेत’ असं लिहा आणि परिशिष्ट वेगळ्या बंद पाकिटात अध्यक्षांच्या नावे द्या. म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर ते उघडं पडणार नाही. सुपरवायझरना प्रत मात्र जाणारच, ती टाळता येत नाही. तक्रार मिळाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत समितीने ती त्यांना पाठवायची आणि त्यांनी दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, असा नियम आहे. काय आरोप आहे ते कळल्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार? आणि आरोप नेमका असेल तर त्यांचं उत्तरही नेमकं द्यावं लागतं, मोघम नकार पुरत नाही.

आता प्रसंग. नुसतं वाक्य लिहिलं तर ‘गंमत केली होती’ हे उत्तर ठरलेलं. गंमत होती की नाही, हे आजूबाजूची परिस्थिती सांगते. तुमच्या एका प्रसंगाची नोंद साधारण कशी असावी, त्याचा नमुना देते. तपशील अर्थात तुमचे घाला.

‘22 ऑगस्ट 2025, शुक्रवार, दुपारी चारच्या सुमारास. नाशिकच्या गाडीचं चलन काढून झालं होतं. गौरी-गणपतीच्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन मी साहेबांच्या टेबलाशी गेले. ते बसलेले होते, मी उभी होते. अर्ज हातात घेऊन मला वरपासून खालपर्यंत बघत ते म्हणाले, “रजा देतो गं, पण मला काय देणार? परवाची हिरवी साडी नेसून ये, मग बघू सही कधी करायची.” मी म्हणाले, “साहेब, असं बोलू नका, सही करा.” ते हसले आणि अर्ज खणात टाकला. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी मान वर करून पाहिलं. सही 26 तारखेला झाली.’

या नोंदीत ‘अश्लील’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी समितीला हवं ते सगळं आहे. रजा मंजूर करणं त्यांच्या हातात होतं, म्हणजे अधिकार कोणाचा ते कळलं. त्या अधिकाराच्या बदल्यात काहीतरी सूचित केलं गेलं, आणि नोकरीत फायदा देण्याचं असं आडून दाखवलेलं आमिष कलम 3 मध्ये स्पष्ट नमूद आहे. तुम्ही नको म्हटलंत, तेही आलं. सही चार दिवस अडली, हे अर्जावरच्या तारखांवरून पडताळता येतं. हेच साडीचं वाक्य हळदीकुंकवाला मैत्रिणीने म्हटलं असतं तर कोणी तक्रार केली नसती. गांभीर्य शब्दात जितकं असतं तितकंच कोण, कोणाला, कुठल्या वेळी म्हणालं यात असतं. ‘वाईट नजरेने पाहिलं’ असं लिहिण्यापेक्षा ‘वरपासून खालपर्यंत पाहिलं’ हे का बरं, तेही यात दिसेल. दुसरं वाक्य साक्षीदाराला विचारता येतं.

तारखा आठवत नाहीत तर अंदाजाने ठोकून देऊ नका. डिस्पॅचला असल्याचा तुम्हाला फायदा आहे. चलन, ई-वे बिल, गेटवरचं गाड्यांचं रजिस्टर, हजेरीचं मशीन, रजेचे अर्ज या सगळ्यांवर तारीख आणि बहुतेकांवर वेळही असते. त्या दिवशी कुठली गाडी लागली होती ते आठवलं की तारीख सापडते. त्या संध्याकाळी बहिणीला किंवा मैत्रिणीला ‘आज परत तसलं बोलले’ असा मेसेज केला असेल तर तो फार मोलाचा आहे, कारण तेव्हा तक्रारीचा विचारही नव्हता. तो पुसू नका, फोन बदलू नका. जी कागदपत्रं कंपनीकडेच आहेत, ती मागवून घ्या असं निवेदनात लिहा. कागदपत्रं हजर करायला लावण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार समितीला आहे. डॉकवर कॅमेरा असेल तर फुटेज जपून ठेवण्याची विनंती आजच लेखी करा, बहुतेक ठिकाणी ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

तरीही तारीख लागली नाही तर ‘जुलैचा दुसरा आठवडा, दुसरी पाळी’ असं लिहा. शब्दांचंही तसंच. जे खात्रीने आठवतं ते अवतरणात, आणि जे धूसर आहे ते अवतरणाबाहेर, ‘या अर्थाचं बोलले’ असं म्हणून. एका वाक्यात भर घातलीत तर बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

खोट्या तक्रारीची भीती तुम्हाला कोणीतरी घातलेली दिसते. कलम 14 मध्येच लिहिलंय की नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. त्यासाठी दुष्ट हेतू होता हे वेगळी चौकशी करून ठरवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली एका निर्यात परिषदेच्या खटल्यात सांगितलं की अशा प्रकरणांत किरकोळ विसंगतींवर किंवा शब्दाच्या कोशातल्या अर्थावर अडून न बसता सगळ्या घटनाक्रमातून काय संभवतं ते पाहावं. चार वाजले होते की साडेचार, एवढ्याने तुमची तक्रार पडणार नाही.

गाडीवाल्यांच्या शिव्यांचा मुद्दा जपून मांडा. ‘अरे रांडेच्या, गाडी मागं घे’ हे ते ड्रायव्हरला फोनवर ओरडले, तर ते तुम्हाला उद्देशून नव्हतं, आणि तसंच लिहा. तुमच्या टेबलाशेजारी रोज हेच चालतं आणि तुम्हाला तिथे बसून काम करणं अवघड होतं, हा कामाच्या ठिकाणच्या वातावरणाचा भाग म्हणून निवेदनाच्या शेवटी एका परिच्छेदात येऊ दे. तुमच्या अंगावर आलेल्या वाक्यांत तो मिसळलात तर ‘ते सगळ्यांशीच असे बोलतात’ हा बचाव तुम्हीच त्यांच्या हातात द्याल. ‘अक्कल गहाण ठेवलीस का’ यासारखी नुसती अपमानाची वाक्यं या समितीच्या कक्षेत एकटी बसत नाहीत. त्यांच्यासाठी कारखान्याच्या स्थायी आदेशांखाली गैरवर्तनाचा वेगळा अर्ज एचआरकडे द्या, पण त्यात समितीपुढची वाक्यं लिहू नका. जातीवरून काही बोलले असतील तर त्याचा मार्ग ॲट्रॉसिटी कायद्याचा, पोलिसांकडचा आहे, आणि तिथे ऐकायला कोण कोण होतं ते शब्दांइतकंच महत्त्वाचं.

आता देणार तो कागद ‘पुरवणी निवेदन’ म्हणून द्या आणि सुरुवातीला पहिल्या तक्रारीची तारीख घाला. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. तुमची मूळ तक्रार मुदतीत दिसतेय, त्यामुळे हा कागद नवी तक्रार वाटता कामा नये. मूळ तक्रारीप्रमाणे याच्याही सहा प्रती आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्या, आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. चौकशी संपेपर्यंत त्यांच्या हाताखाली काम करणं जड जात असेल तर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा लेखी मागता येते. ती आपल्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही.

चौकशीत तुमच्या वतीने वकील उभा राहू शकत नाही, नियमच तसा आहे, म्हणून एक गोष्ट तुम्हालाच सांभाळावी लागेल. तुमचा जबाब लिहून घेणारा माणूस संकोचाने शब्द गाळतो आणि ‘अपशब्द वापरले’ असं लिहून मोकळा होतो. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा. तुम्ही सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं तिथे नसेल तर दुरुस्ती करून घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत सही करू नका.