गणवेश, व्हर्नियर आणि लेट मार्क: पगारातून काय कापता येते

प्रश्न: मी वाळूजला ठेकेदारामार्फत मशिन ऑपरेटर आहे. पगार 15,600. या महिन्यात गणवेशाचे 1,400, हातून पडलेल्या व्हर्नियरचे 2,600 आणि तीन लेट मार्कचा अर्धा दिवस म्हणून 300 कापले. सुपरवायझर म्हणतो, निम्म्या पगारापर्यंत कापायची कायद्यानेच मुभा आहे. खरे आहे का?

उत्तर: सुपरवायझरने अर्धेच वाक्य वाचलेले दिसते. कपात एकूण वेतनाच्या निम्म्याहून जास्त असू नये, असे कायदा म्हणतो हे खरे. परंतु त्याआधी प्रत्येक कपात मुळात परवानगी असलेल्या प्रकारात बसावी लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली असून तिच्या कलम 18 मध्ये हे प्रकार मोजून दिले आहेत. त्या यादीत नसलेला एक रुपयाही कापता येत नाही, मग एकूण कपात पगाराच्या दहा टक्के का असेना. तुमच्या तीन रकमा मी एकेक करून पाहतो, कारण तिन्हींची गोष्ट वेगळी आहे.

गणवेशाचे सगळ्यात सोपे. यादीत गणवेश नावाचा प्रकारच नाही. ठेकेदार तो 'सुविधा' या सदरात बसवू पाहील. पण मालकाने पुरवलेल्या सुविधा व सेवांचे पैसे कापायला शासनाचा सामान्य किंवा विशेष आदेश लागतो, आणि त्याच कलमातील स्पष्टीकरण सांगते की कामासाठी लागणारी हत्यारे व कच्चा माल 'सेवा' या शब्दात येत नाहीत. म्हणजे झिजलेल्या इन्सर्टचे किंवा ड्रिलचे पैसेही त्या वाटेने घेता येत नाहीत. तेव्हा गणवेशाबद्दल 'कोणत्या आदेशाने कापले, त्याची प्रत द्या' एवढेच लेखी विचारावे. काही ठेकेदार पगारातून न कापता भरतीच्या दिवशी रोख घेतात आणि ही कपात नव्हेच, असे सांगतात. कामगाराने मालकाला किंवा त्याच्या माणसाला दिलेली रक्कम ही वेतनातील कपातच समजली जाते, त्यामुळे तीही पळवाट बंद आहे. रुजू होताना संमतिपत्रावर सही घेतली असेल तरी घाबरू नये; वेतनावरील हक्क सोडून देणारा करार कलम 60 नुसार निरर्थक ठरतो.

लेट मार्कसाठी साधे गणित करावे लागते. तुमचा पगार 26 दिवसांवर काढत असतील तर दिवसाचे 600 आणि आठ तासांच्या पाळीत तासाचे 75 रुपये होतात. तीन दिवसांचा उशीर समजा 10, 12 आणि 18 मिनिटे असेल, तर एकूण 40 मिनिटांचे 50 रुपये होतात. गैरहजेरीची कपात जितका वेळ माणूस कामावर नव्हता तितक्याच प्रमाणात करता येते. म्हणून 50 रुपये रीतसर, आणि वरचे 250 हा नाव बदललेला दंड. दंडाला कायदा वेगळी चौकट घालतो: कोणत्या चुकीला दंड, याची यादी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घेऊन कामाच्या जागी लावलेली असावी, कामगाराला आधी म्हणणे मांडू द्यावे, महिन्याचा दंड वेतनाच्या तीन टक्क्यांच्या (तुमच्या बाबतीत 468 रुपये) वर जाऊ नये, आणि तो हप्त्यांनी किंवा नव्वद दिवसांनंतर वसूल होऊ नये. दंडाची नोंदवही ठेवावी लागते आणि ती रक्कम कामगारांच्याच हिताच्या कामावर खर्च करावी लागते. पंचिंग मशिनमधील 'तीन लेट, अर्धा दिवस' ही सेटिंग यातले काहीच पाळत नाही. 250 हे 468 च्या आत आहे म्हणून ते वैध होत नाही, कारण बाकीच्या अटीच पुऱ्या झालेल्या नाहीत. बस उशिरा आली हे कारण मात्र त्या 50 रुपयांना लागू पडत नाही. काम न केलेल्या वेळेचे वेतन कापता येते.

खरा प्रश्न व्हर्नियरचा आहे. नुकसानीची कपात यादीत आहे, पण तिला दोन अटी आहेत: वस्तू तुमच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असावी, आणि नुकसान थेट तुमच्या हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झालेले असावे. शिवाय कापण्यापूर्वी तुम्हाला कारण दाखवण्याची संधी द्यायला हवी आणि रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नसावी.

मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात पगारपत्रके काढत असताना अशीच एक कपात माझ्या हातून झाली होती. टूल रूमच्या इश्यू रजिस्टरवर त्या कामगाराची सही होती, म्हणून मी नव्या व्हर्नियरची पूर्ण किंमत लावून मोकळा झालो. त्याने वहीच्या पानावर उत्तर लिहून आणले तेव्हा प्रकरण उलटले. सही पहिल्या पाळीची होती, वस्तू पडली दुसऱ्या पाळीत, आणि मधल्या हस्तांतराची नोंदच नव्हती; ते व्हर्नियर तीन पाळ्यांत फिरणारे होते. मशिनसमोर कूलंट सांडलेला होता, ट्रेला कडा नव्हती, आणि व्हर्नियरवरील कॅलिब्रेशनच्या स्टिकरची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली होती. ते आधीच चुकीचे माप दाखवत नव्हते, हे आम्हाला दाखवता आले नाही. दुरुस्तीवाल्याने जबडे जुळवून ते शे-दोनशेत परत दिले, आणि कापलेली रक्कम पुढच्या पगारात जमा करायचे काम माझ्याकडेच आले.

तुमच्या बाबतीत मी हेच तपासायला सांगेन. रजिस्टरवर तुमची सही त्या दिवसाची, त्या पाळीची आहे का? खुलासा मागणारे पत्र कपातीच्या आधी मिळाले होते का? वस्तू दुरुस्त होते का? झाली तर नुकसान दुरुस्तीएवढे. न झाली तरी वापरलेल्या व्हर्नियरची किंमत नव्याएवढी धरता येत नाही. तुम्ही ते खेळत फिरवत असताना पडले असेल तर मात्र हयगयीचा मुद्दा तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो, तेव्हा घडले तसेच लिहा.

अर्ज आधी ठेकेदाराला द्या आणि पोच घ्या: तीन कपाती, तिन्हींचा आधार काय, दंडाची आणि नुकसानीची नोंद दाखवा. उत्तर आले नाही तर छत्रपती संभाजीनगर येथील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात दावा करण्याबाबत विचारा. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, तुम्ही स्वतः, नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक-नि-सुविधाकार तो करू शकतात, आणि अनधिकृत कपात सिद्ध झाल्यास अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही देववू शकतो. असा दावा दाखल झाल्यावर पुराव्याचा भार मालकावर असतो. ठेकेदार पैसे द्यायला चुकला तर ज्या कंपनीत तुम्ही काम करता तिच्यावरही जबाबदारी येते, म्हणून अर्जाची एक प्रत कंपनीच्या एचआरलाही द्या. पगाराची स्लिप जपून ठेवा. तीवर नुसते 'इतर कपात 4,300' असे लिहिले असेल, तर त्यांनी तीन रकमा वेगळ्या का दाखवल्या नाहीत, हाच तुमचा पहिला प्रश्न असू द्या.